आठ हजारांचा होल्ड: भाड्याने दिलेल्या एका खात्याचं प्रकरण

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मुलाचं नावही त्यांनी काढलं नाही. पिशवीतून पासबुक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, लाडक्या बहिणीचे पंधराशे काढायला गेले, तर बँकवाले म्हणतात पैसे निघत नाहीत." खात्यात 6,200 रुपये शिल्लक होते आणि त्यावर 8,000 रुपयांचा होल्ड होता. होल्ड शिलकेपेक्षा मोठा, त्यामुळे काढता येण्याजोगी रक्कम शून्य. शाखेने त्यांना एका चिठ्ठीवर सायबर तक्रारीचा क्रमांक लिहून दिला होता आणि तक्रार कुठल्या राज्यातली आहे एवढंच सांगितलं होतं. बाईंनी आयुष्यात कुणाची फसवणूक केली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मुलाने आठ हजार पाठवले होते, त्यातून त्यांनी किराणा दुकानाची उधारी भागवली होती.

मी सोलापूर जिल्ह्यात फौजदारी वकिली करते. गेल्या काही वर्षांत अशी प्रकरणं इतकी वाढली आहेत की होल्डची रक्कम गोल आकड्यात दिसली की मी आधी घरातल्या तरुण मुलाबद्दल विचारते. इथे जे लिहिते आहे त्यात ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि कागदांचं वळण मात्र अशा प्रकरणांत असतं तसंच ठेवलं आहे.

मुलगा बावीस वर्षांचा, बी.कॉम. अर्धवट सोडलेला, तालुक्याच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात महिना नऊ हजारांवर कामाला. जिममध्ये ओळख झालेल्या एका मोठ्या मुलाने त्याला सांगितलं की एका कंपनीला पेमेंट फिरवायला खाती लागतात. गेमिंगचे पैसे आहेत, कंपनीला टॅक्स वाचवायचा आहे, बाकी काही नाही. बचत खात्याला पाच हजार, करंट खात्याला पंधरा हजार आणि वर उलाढालीवर टक्केवारी. या धंद्यात बचत खात्यापेक्षा करंट खात्याला जास्त भाव असतो. त्यातून दिवसाला मोठ्या रकमा फिरवता येतात आणि अचानक लाखो रुपये आले तरी बँकेच्या यंत्रणेला ते लगेच खटकत नाहीत, कारण व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे येणारच.

करंट खात्यासाठी धंदा दाखवावा लागतो. जिममधल्या त्या ओळखीच्याने, म्हणजे एजंटने, मुलाच्या आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी काढली. ती फुकट आणि स्वयंघोषणेवर होते. शॉप अॅक्टची सूचनाही ऑनलाइन भरली. बाजारपेठेतला एक रिकामा गाळा एका दिवसासाठी मिळवला, त्यावर तयार कपड्यांच्या दुकानाचा फ्लेक्स लावला, आणि बँकेचा माणूस पाहणीला आला तेव्हा मुलाला त्या फ्लेक्सखाली उभं करून फोटो काढला. खातं उघडण्याच्या अर्जात अपेक्षित वार्षिक उलाढाल 24 लाख लिहिली होती आणि खाली मुलाची सही होती. तो मला म्हणाला, "मॅडम, त्यानं जिथं बोट ठेवलं तिथं सही केली." ते खरं असेल. पण फ्लेक्सखाली उभं राहताना आपलं कपड्यांचं दुकान नाही, हे त्याला माहीत होतं. मी या फोटोकडे पुन्हा येणार आहे.

खातं सुरू झाल्यावर एजंटने "किट" मागितलं. किट म्हणजे डेबिट कार्ड आणि पिन, चेकबुक, नेट बँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड, खात्याला जोडलेलं सिमकार्ड, आणि खात्यासाठी नवीन काढलेला ईमेल. सिमही मुलाच्याच नावावर घेतलेलं होतं. चेकबुकातल्या दहा पानांवर कोऱ्या सह्या घेतल्या. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात हे सगळं दिलं आणि पाच हजार रोख हातात पडले. उरलेले दहा हजार "खातं चालल्यावर" मिळणार होते.

इथपर्यंत थांबला असता तरी अडचण होतीच, पण पुढच्या आठवड्यात एजंटने त्याला पुण्याला बोलावलं. ज्या दिवशी खातं चालवायचं असतं, त्या दिवशी ही मंडळी खातेदाराला बऱ्याचदा लॉजवर आणून ठेवतात. बँकेतून खात्रीसाठी फोन आला तर खातेदारानेच उचलावा, त्याने परस्पर पैसे काढून पळू नये, आणि ओटीपी अडला तर माणूस समोर असावा, अशी त्यामागे सोय असते. मुलाच्या स्वतःच्या फोनमध्येही त्यांनी एक एपीके फाइल टाकली. त्या अॅपमुळे येणारा प्रत्येक एसएमएस परस्पर दुसऱ्या नंबरवर जात होता. लॉजच्या रजिस्टरमध्ये त्याचं नाव, आधारची प्रत आणि दोन रात्री लिहिल्या गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी खात्यात एक रुपया येऊन गेला. खातं जिवंत आहे का, हे बघायची ती चाचणी होती.

त्या शनिवारी काय घडलं

महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे शाखा बंद. बँका बंद असल्या तरी पैसे थांबत नाहीत. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास सुरू असतात, आणि ही टोळी सुट्टीचाच दिवस निवडते. सकाळी 10:40 ला तमिळनाडूतल्या एका निवृत्त शिक्षकाच्या खात्यातून आरटीजीएसने 9,80,000 रुपये आले. शेअर बाजारात गुंतवणुकीचं आमिष दाखवणाऱ्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये त्यांना महिनाभर नफ्याचे खोटे आकडे दाखवले होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांपैकी ही रक्कम होती. नऊ मिनिटांत ती चार खात्यांत विभागून पुढे गेली.

दुपारपर्यंत अशा अकरा जमा झाल्या. एकूण 38,60,000 रुपये. त्यातले 38,08,700 रुपये चौदा वेगवेगळ्या खात्यांत गेले. 10,000 रुपये मुलाच्या बचत खात्यात पाठवले गेले, ते त्याचं कमिशन. आणि 41,300 रुपये खात्यात अडकले. ते अडकले याचं कारण आपल्याच राज्यातल्या एका शहरातल्या माणसाने त्याच दुपारी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. त्याचे 6,40,000 रुपये गेले होते. हेल्पलाइनवर व्यवहाराचा क्रमांक घेतात, तो cybercrime.gov.in च्या यंत्रणेत जातो, संबंधित बँकेच्या पथकाला तिथेच दिसतो, आणि बँक खात्यात उरलेली रक्कम अडवते. पैसे पुढे गेले असतील तर कुठल्या खात्यात गेले हे बँक नोंदवते, मग तो प्रश्न त्या पुढच्या बँकेकडे जातो. तपासात या साखळीतल्या प्रत्येक पायरीला लेयर म्हणतात. फसलेल्या माणसाचा पैसा ज्या खात्यात पहिल्यांदा पडतो तो लेयर एक, तिथून जातो तो लेयर दोन.

आता बाईंच्या पासबुकाचा उलगडा होतो. एजंटने कमिशन स्वतःच्या खिशातून दिलं नव्हतं. त्याच भाड्याच्या करंट खात्यातून, म्हणजे फसवलेल्या माणसांच्या पैशांतून काढून दिलं होतं. करंट खातं लेयर एक, मुलाचं बचत खातं लेयर दोन, आणि मुलाने त्यातले आठ हजार आईला पाठवले म्हणून आईचं खातं लेयर तीन. तक्रारदाराच्या दृष्टीने पाहिलं तर त्याच्या पैशांतले आठ हजार सोलापूर जिल्ह्यातल्या एका घरात पोहोचले होते, आणि नोंद तेच सांगत होती. पुढच्या लेयरमधल्या खात्यावर साधारणपणे तेवढ्याच रकमेचा होल्ड लागतो, पहिल्या लेयरमधलं खातं मात्र अख्खं गोठतं. मुलाचं करंट खातं पूर्ण बंद झालं होतं, आणि त्याचा पगार जिथे यायचा त्या बचत खात्यावर दहा हजारांचा होल्ड होता.

उरलेल्या चौदा खात्यांचं काय झालं? काहींमधून वेगवेगळ्या शहरांतल्या एटीएममधून रोकड निघाली, काहींमधून यूएसडीटी हे आभासी चलन घेतलं गेलं. तपास तिथे मंदावतो. भाड्याच्या खात्याची सगळी गंमत टोळीसाठी एवढीच असते की पैसा कुठून आला हे शोधत पोलिस निघाले की पहिल्या दारावर ज्याची पाटी दिसते तो हा बावीस वर्षांचा मुलगा असतो. नाव त्याचं, आधार त्याचं, सही त्याची. पुढची दारं उघडेपर्यंत महिने जातात.

माहीत होतं का?

मुलगा माझ्यासमोर बसला तेव्हा एकच वाक्य चार वेळा बोलला, "मला काहीच माहीत नव्हतं." अशा प्रत्येक प्रकरणाचा जीव या एका वाक्यात असतो, म्हणून कायदा नेमकं काय विचारतो ते सांगते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यासाठी बेइमानीचा हेतू सिद्ध करावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ड सोबत लावलं जातं, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. खातं देणाऱ्या मुलाने शिक्षकांना फोन केला नव्हता, ग्रुप चालवला नव्हता, त्यामुळे हेतूवर वाद घालायला जागा राहते.

पण कलम 317 वेगळं आहे. ते चोरीच्या मालाबद्दल आहे. जुन्या दंड संहितेत चोरी, खंडणी, जबरी चोरी अशा गुन्ह्यांतून आलेला माल चोरीचा माल ठरायचा. नव्या संहितेत त्या व्याख्येत फसवणुकीतून आलेला मालही घातला आहे. 1 जुलै 2024 पासून ती लागू आहे. म्हणजे फसवणुकीचा पैसा बेइमानीने स्वीकारणं हाच स्वतंत्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. आणि तिथे कसोटी फक्त "माहीत होतं" एवढीच नाही. माल असा आहे हे मानायला कारण होतं, एवढंही पुरतं. बावीस वर्षांच्या, बँकेचा एसएमएस वाचता येणाऱ्या, मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाकडे तसं मानायला कारण होतं का? सरकारी वकील हा प्रश्न विचारणार, आणि उत्तर मुलाच्या तोंडून नाही तर कागदांतून घेणार.

म्हणून मी त्याच्यासोबत कागद काढत बसले. पहिला तो फ्लेक्सखालचा फोटो. नसलेल्या धंद्याचा मालक म्हणून तो बँकेसमोर उभा राहिला होता. दुसरा कागद उलाढालीचा, वर्षाला 24 लाख लिहिलेल्या खात्यातून एका दिवसात अडतीस लाखांहून जास्त गेले होते. हे त्याने केलं नव्हतं, पण लॉजवर तो शेजारच्या खोलीत बसला होता आणि जमेचे एसएमएस त्याच्याही फोनवर येत होते. सगळे त्याने वाचले नसतील. एक तरी वाचला होता, कारण त्याच दुपारी त्याने एजंटला मेसेज केला होता, "दादा एवढे?"

त्या मेसेजला एजंटने आवाजात उत्तर दिलं होतं. टेलिग्रामवरचं बोलणं मुलाने घाबरून नंतर पुसलं, पण ही नोट व्हॉट्सअॅपवर राहून गेली होती. "काही होत नाही रे भावा. जास्तीत जास्त खातं फ्रीझ होतं. तुझे पैसेच नाहीत त्यात, मग तुझं काय जाणार?" मी ती नोट पाच-सहा वेळा ऐकली. ती मुलाच्या बाजूची आहे, कारण त्यातून दिसतं की सूत्रं दुसऱ्याच्या हातात होती आणि एजंटचा नंबर, आवाज, वेळ सगळं सापडतं. ती मुलाच्या विरुद्धही तेवढीच आहे, कारण शनिवारी दुपारी त्याला कळलं होतं की खातं गोठण्यासारखं काहीतरी यात आहे. कापडाच्या खऱ्या व्यापाऱ्याला कुणी असं समजावत नाही. नोट पुसू नकोस, फोन बदलू नकोस, फॉरमॅट मारू नकोस, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. पुसलेलं बोलणं तपासणीत बऱ्याचदा परत मिळतं, आणि परत मिळालं नाही तरी पुसल्याची गोष्ट राहते. पुरावा नष्ट करण्याचं कलम वेगळं लागतं.

तरीही या सगळ्याचा बचाव करता आला असता. त्याला सर्वांत जड गेला तो सोमवारचा कागद.

सोमवारी सकाळी शाखेतून फोन आला की खातं गोठवलं आहे, येऊन खुलासा द्या. तोपर्यंत बँकेने त्याला सांगितलं होतं की फसवणुकीच्या तक्रारी आहेत. त्याने एजंटला फोन केला. एजंटने एक मजकूर पाठवला आणि चार बिलांचे फोटो पाठवले, कुठल्यातरी कपड्याच्या घाऊक दुकानाच्या नावाने बनवलेले. मुलाने तो मजकूर स्वतःच्या हाताने उतरवला, "सदर रक्कम ही माझ्या तयार कपड्यांच्या व्यवसायातील असून", आणि बिलं जोडून शाखेत दिला. शाखेने शिक्का मारून पोच दिली. ती पोच त्याने जपून ठेवली होती आणि माझ्यासमोर मोठ्या आशेने ठेवली, जणू तिच्यामुळे खातं सुटेल.

शनिवारपर्यंत तो म्हणू शकत होता की मला फसवून वापरलं. सोमवारी फसवणूक झाल्याचं कळल्यावर त्याने खोटं बिल जोडून ते पैसे आपलेच आहेत असं लिहून दिलं. माहीत होतं का, या प्रश्नाचं उत्तर तपास अधिकाऱ्याला त्या एका कागदाने दिलं, आणि वर बनावट दस्तऐवज वापरल्याचं कलमही जोडायला वाव मिळाला. खातं गोठल्यावर एजंट जे लिहायला सांगतो ते कुणीही लिहून देऊ नये, हे मला जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाच्या कानात ओरडून सांगावंसं वाटतं. एजंट तिथे तुमचं खातं सोडवत नसतो. तो तुमच्या सहीने स्वतःपुढे भिंत बांधत असतो.

मावसभाऊ

आणखी एक गोष्ट मुलाने मला दुसऱ्या भेटीत सांगितली, पहिल्या भेटीत लपवली होती. करंट खातं दिल्यावर एजंट म्हणाला होता की अजून कुणाचं आण, खात्यामागे तीन हजार तुझे. त्याने मावसभावाचं बचत खातं मिळवून दिलं. शनिवारच्या दोन दिवस आधी मावसभावाने कार्ड, पासबुक आणि सिम दिलं होतं. तीन हजार मुलाला मिळाले होते, रोख.

मावसभावाला रविवारी रात्री कळलं की भावाचं खातं अडकलं. त्याने एजंटला विचारलं नाही. सोमवारी सकाळी शाखा उघडताच तो गेला, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायचा लेखी अर्ज दिला, सिम बंद करून घेतलं, आणि दुपारी पोलिस ठाण्यात जाऊन लिहून दिलं की मी अमक्याच्या सांगण्यावरून खातं दिलं होतं, मला शंका आली म्हणून बंद केलं. त्याच्या खात्यात तोवर चाचणीचा एक रुपयाही आला नव्हता.

दोघं एकाच घरात वाढलेले, एकाच शाळेत शिकलेले. दोघांनीही पैशांच्या लोभाने खातं दिलं. सोमवारी सकाळी दोघंही बँकेतच गेले होते, फक्त वेगवेगळे अर्ज घेऊन. पोलिसांनी मावसभावाला साक्षीदार केलं. तसं करायचं की नाही हे तपास अधिकाऱ्याच्या हातात असतं, हक्क म्हणून मागता येत नाही, पण खात्यातून एकही व्यवहार होण्याआधी स्वतः जाऊन लिहून देणाऱ्या माणसाला आरोपी करणं अधिकाऱ्यालाही अवघड जातं. आणि त्याच्या जबाबातलं एक वाक्य माझ्या अशिलाला लागलं, "मला भावाने सांगितले की फक्त खाते फ्रीझ होते, बाकी काही होत नाही." एजंटचं वाक्य आता माझ्या अशिलाच्या तोंडी होतं. खातं देणारा इथे खाती गोळा करणारा झाला. तपासाच्या कागदात त्याची जागा एक पायरी वर सरकली. दोन्ही बहिणींचं, म्हणजे या दोघांच्या आयांचं बोलणं तेव्हापासून बंद आहे.

नोटिसा, अटक आणि लांबची राज्यं

अकरा जमांमागे अकरा माणसं होती, चार राज्यांतली. प्रत्येकाची तक्रार वेगळी, त्यातल्या तिघांचे स्वतंत्र गुन्हे दाखल झालेले. लोकांना वाटतं खातं एक तर गुन्हा एक. प्रत्यक्षात जिथे फिर्यादी, तिथे गुन्हा. तमिळनाडूचं पत्र इंग्रजीत पोस्टाने आलं. तेलंगणातल्या एका अधिकाऱ्याने नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवली. हजर राहण्याची अशी नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलेलं आहे. तरी मी ती फेकून दिली नाही. त्या पोलिस ठाण्याचा नंबर अधिकृत ठिकाणाहून शोधून फोन केला, नोटीस खरी आहे याची खात्री केली आणि लेखी उत्तर पाठवलं. खरी नोटीस दुर्लक्षित केली की अटकेला कारण मिळतं, आणि पोलिसांच्या नावाने पैसे उकळणाऱ्या खोट्या नोटिसाही याच खातेदारांना येतात.

आपल्या राज्यातल्या गुन्ह्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खालची नोटीस आली. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात घट्ट केलेला आहे. मी मुलाला हजर केलं. पहिल्या दिवशी जबाब झाला, फोन जप्त झाला. दुसऱ्या दिवशी अटक झाली. नोटीस दिली म्हणजे अटक होणारच नाही असं नसतं, कारणं नोंदवून अटक करता येते, आणि कारणं होती: खोटी बिलं, पुसलेलं टेलिग्राम, मावसभावाचं खातं. चार दिवस पोलिस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. जामीन मिळायला पंचवीस दिवस लागले. सरकार पक्षाने न्याय संहितेतलं संघटित गुन्हेगारीचं कलम 111 लावण्याची भाषा केली होती. ते लागलं असतं तर जामीन फार अवघड झाला असता. पण त्या कलमाला आधीच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात, आणि या मुलाच्या नावावर एकही नव्हतं. हे न्यायालयासमोर मांडल्यावर तो मुद्दा पुढे गेला नाही.

दुसऱ्या राज्यांची भीती मात्र राहिली. त्या राज्यांचे पोलिस स्थानिक ठाण्यात नोंद करून येतात, जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून प्रवासापुरती कोठडी घेतात आणि आरोपीला हजार किलोमीटर दूर घेऊन जातात. घरच्यांना तिथली भाषा येत नाही, तिथला वकील माहीत नसतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये म्हटलं आहे की दुसऱ्या राज्यातल्या गुन्ह्यातही आपल्या भागातलं सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन देऊ शकतं. आम्ही तमिळनाडूच्या गुन्ह्यासाठी तो घेतला. मुदत चार आठवडे, तेवढ्यात तिथल्या न्यायालयात जाऊन पुढचा अर्ज करायचा. रेल्वे, राहणं आणि तिथला वकील, एका फेरीचा खर्च घरच्यांनी जोडलेल्या हिशेबात 46,000 रुपये होता. त्या खात्यातून मुलाला मिळाले होते पंधरा हजार, अधिक तीन हजार.

खातं उघडणाऱ्या शाखेची चौकशीही सुरू आहे. फ्लेक्सखाली फोटो काढणाऱ्या माणसाला तो गाळा रिकामा आहे हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. जून 2025 मध्ये सीबीआयने अशा खात्यांविरुद्ध पाच राज्यांत छापे घातले, तेव्हा सातशेहून जास्त शाखांमध्ये सुमारे साडेआठ लाख खाती अशा पद्धतीची आढळल्याचं सांगितलं होतं. एवढी खाती फक्त मुलांच्या लोभावर उघडत नाहीत. एजंट आठवड्याला नवीन शहरात असतो. व्हॉट्सअॅपचा नंबर ज्याच्या नावावर निघाला, तो मराठवाड्यातला एक शेतमजूर होता. त्यानेही आपलं सिम भाड्याने दिलं होतं.

बाईंचे आठ हजार

आईच्या खात्याचं काम मी वेगळं धरलं, कारण ते सोडवता येण्यासारखं होतं. त्यांना पैसा कुठला हे माहीत नव्हतं, तसं मानायला कारणही नव्हतं. मुलगा पगार पाठवतो, तसाच तो पाठवला असं त्यांना वाटलं. मालमत्ता परत मिळण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली गुन्हा जिथे दाखल होता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. अर्जात आम्ही पैशांवर हक्क सांगितला नाही. लिहिलं की हे आठ हजार फिर्यादीला द्यावेत आणि उरलेल्या खात्यावरची अडवणूक काढावी. बाईंनीच तसं सांगितलं होतं. "दुसऱ्याचे आहेत तर देऊन टाका, माझे पंधराशे तेवढे सुटू द्या."

फिर्यादीचे वकील हरकत घेणार नव्हते, सरकार पक्षानेही घेतली नाही. तरी आदेश यायला सहा आठवडे गेले. आदेशाची प्रत शाखेत दिली तर शाखा म्हणाली की तपास अधिकाऱ्याच्या सरकारी ईमेलवरून पत्र हवं. ते यायला आणखी नऊ दिवस लागले. मग शाखेने सांगितलं की आठ हजार वळते करायचे तर खात्यात आठ हजार हवेत. मधल्या महिन्याचे पंधराशे जमा झाले होते, शिल्लक 7,700 होती. तीनशे रुपये कमी पडत होते.

बाईंनी पदराच्या गाठीतून शंभराच्या तीन नोटा काढल्या. भरणा स्लिपवर रक्कम अक्षरात कशी लिहायची ते मला विचारून लिहिलं आणि खिडकीत दिली. त्याच दिवशी दुपारी आठ हजार गेले आणि पासबुकात शिल्लक शून्य छापून आली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुढच्या महिन्याचे पंधराशे कधी पडतील, एवढंच खिडकीवर विचारलं.